डिस्कॉर्डवरचा मोफत वर्ग : कोणाला काय दिसतं आणि कोण काय करू शकतं

आजचा विषय तसा छोटा आहे, पण त्यातल्या खाचाखोचा बऱ्याच जणांना उशिरा कळतात. फी न घेता शिकवणाऱ्या गटासाठी डिस्कॉर्डवर सर्व्हर उघडायचा, तर त्यात रोल, चॅनल आणि नियम कसे बसवायचे, हे आपण बघू. सर्व्हर कसा उघडायचा, लोगो कुठे लावायचा, हे सांगत बसत नाही. ते पाच मिनिटांत जमतं.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना समोर ठेवू. पायथनचा मोफत वर्ग आहे. शिकणारे साधारण तीनशे, त्यातले बरेचसे कॉलेजातले, काही नोकरी सांभाळून शिकणारे. कोणी इंदूरला, कोणी हैदराबादला, कोणी बडोद्याला. दोन तुकड्या आहेत, एक रोज संध्याकाळची आणि एक रविवारची. उत्तरं द्यायला आठ मदतनीस, आणि शिस्त सांभाळायला तीन जण, त्यांना आपण संचालक म्हणू. सगळे आपापला वेळ काढून येतात, पगार कोणालाच नाही.

अशा गटाला दोन गोष्टींचा त्रास होतो. पहिला त्रास म्हणजे मदतनीस थकतात. तोच प्रश्न दहा वेळा येतो, अर्ध्या रात्री टॅग होतो, आणि दोन महिन्यांत आठाचे तीन उरतात. दुसरा त्रास जास्त गंभीर आहे. जिथे शिकणारी मुलं एका जागी जमतात, तिथे पैसे घेऊन असाइनमेंट करून देणारे, क्लासचे एजंट आणि मुलींना खासगीत मेसेज टाकणारे हमखास येतात. रोल आणि चॅनल मांडताना हे दोन त्रास डोळ्यांपुढे ठेवायचे. नाहीतर सर्व्हर दिसायला छान होतो आणि कामाच्या वेळी उघडा पडतो.

आधी परवानग्यांचं गणित समजून घेऊ, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात.

सर्व्हरमध्ये आलेल्या प्रत्येकाला `@everyone` हा रोल असतोच, तो काढता येत नाही. त्यावर आपण आणखी रोल देतो. सर्व्हरच्या पातळीवर परवानगी एकतर चालू असते, नाहीतर बंद. इथे बंद म्हणजे मनाई नव्हे. बंद म्हणजे फक्त ‘या रोलने ही परवानगी दिली नाही’. दुसऱ्या एखाद्या रोलने ती दिली असेल तर माणसाला ती मिळते. रोल एकमेकांत मिळवले जातात, वजा होत नाहीत. म्हणून पहिलं काम नवे रोल बनवण्याचं नाही. पहिलं काम `@everyone` उघडून त्यातल्या खुणा कमी करण्याचं आहे. तिथे `Mention @everyone, @here, and All Roles` चालू राहिलं, तर पुढे कितीही काटेकोर रोल बनवा, काल आलेला माणूस तीनशे जणांचे फोन एकदम वाजवू शकतो.

आता चॅनलची पातळी. इथे प्रत्येक परवानगीपुढे तीन खुणा दिसतात, लाल फुली, मधली तिरकी रेघ आणि हिरवी बरोबरची खूण. रेघ म्हणजे ‘सर्व्हरवर जे ठरलंय तेच’. फुली ही खरी मनाई आणि हिरवी खूण ही खास परवानगी. डिस्कॉर्ड त्या एका क्रमाने लावतं. आधी `@everyone` साठी त्या चॅनलवर काय लिहिलंय ते. मग त्या माणसाच्या सगळ्या रोलवरच्या फुल्या एकत्र, आणि त्यांच्यावर त्या रोलवरच्या हिरव्या खुणा एकत्र. शेवटी त्या माणसाच्या नावाने वेगळं काही लिहिलं असेल तर ते. म्हणजे एकाच माणसाच्या दोन रोलपैकी एकावर फुली आणि दुसऱ्यावर हिरवी खूण असेल, तर हिरवी जिंकते. यादीत कोणता रोल वर आहे आणि कोणता खाली, याचा इथे काहीही संबंध नाही.

हे वाक्य नीट लक्षात राहावं म्हणून एक प्रसंग घेऊ. बऱ्याच सर्व्हरवर कोणी त्रास दिला की त्याला लावायला ‘गप्प’ नावाचा एक रोल करून ठेवतात. प्रत्येक चॅनलवर त्या रोलसाठी `Send Messages` वर फुली. नवख्या सभासदावर तो बरोबर चालतो. आता समजा, एक मदतनीसच भांडायला लागला. त्यालाही ‘गप्प’ रोल दिला, तो यादीत सगळ्यात वर नेऊन ठेवला, तरी तो `#madatnis-katta` मध्ये लिहितोच आहे. का? कारण त्या चॅनलवर ‘मदतनीस’ रोलला `Send Messages` ची हिरवी खूण दिलेली आहे, आणि दोन रोलच्या भांडणात हिरवी जिंकते. संचालकांना वाटतं डिस्कॉर्ड बिघडलंय. बिघडलेलं काही नसतं.

उपाय असा, की ‘गप्प’ रोल बनवूच नका. डिस्कॉर्डमध्ये `Timeout` आहे. माणसाच्या नावावर जाऊन एक मिनिटापासून एक आठवड्यापर्यंतची मुदत निवडायची. तेवढा वेळ तो वाचू शकतो, पण लिहू शकत नाही, प्रतिक्रियेची चिन्हं टाकू शकत नाही, आवाजाच्या चॅनलमध्ये बोलू शकत नाही. रोलच्या गणितात तो अडकत नाही आणि मुदत संपली की आपोआप सुटतो. फक्त ज्यांच्याकडे `Administrator` आहे त्यांच्यावर तो चालत नाही.

`Administrator` चा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो. ही एक परवानगी असली की बाकी सगळ्या मिळतात आणि चॅनलवरच्या फुल्या त्या माणसाला लागू होत नाहीत. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून ती आठही मदतनिसांना वाटली जाते. विश्वास माणसावर असतो हो, पण चोरीला जातं ते खातं. ‘मी गेम बनवलाय, जरा चालवून बघ’ अशी फाइल, किंवा ‘हा क्यूआर स्कॅन कर’ असा मेसेज, हे खातं पळवण्याचे नेहमीचे मार्ग आहेत. अशा एका खात्यातून सगळी चॅनल पुसता येतात, आणि पुसलेल्या चॅनलमधले मेसेज परत आणण्याची सोय नाही. आपल्या नमुन्यात मी ही परवानगी कोणत्याच रोलला देणार नाही. सर्व्हरचा मालक म्हणून एकाकडे सगळे अधिकार असतातच, तेवढे पुरे. शिवाय संचालकांच्या कामासाठी दुहेरी पडताळणी सक्तीची करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे, तो मालकाने पहिल्याच दिवशी चालू करावा.

तर रोल किती? मी चारवर थांबतो. ‘संचालक’, ‘मदतनीस’, ‘संध्याकाळ’ आणि ‘रविवार’. एवढेच. रोल बनवताना एक प्रश्न विचारायचा : हा रोल असलेल्या माणसाला असं काय दिसतं किंवा करता येतं, जे इतरांना नाही? उत्तर नसेल तर तो रोल नको. ‘नवशिका’, ‘प्रगत’, ‘गुरू’ असे रंगीत रोल बघायला गोड वाटतात, पण शिकणाऱ्यांच्या गटात त्याने एक नुकसान होतं. ‘प्रगत’ रोलवाला साधा प्रश्न विचारायला लाजतो.

संचालकांना `Kick Members`, `Ban Members`, `Timeout Members` आणि `Manage Messages`. मदतनिसांना सर्व्हरच्या पातळीवर काहीच जास्तीचं नाही. त्यांचे अधिकार फक्त प्रश्नांच्या चॅनलवर द्यायचे, त्याकडे येतोच. तुकड्यांच्या रोलला अधिकार शून्य. ते फक्त आपापल्या तुकडीचा कप्पा दिसण्यासाठी आहेत.

यादीतला वर-खाली क्रम मात्र एका ठिकाणी मोलाचा आहे, कोण कोणावर कारवाई करू शकतो इथे. ज्याचा सगळ्यात वरचा रोल तुमच्या वरच्या रोलच्या खाली आहे, त्यालाच तुम्ही काढू शकता. रोल देण्याचंही तसंच, तुमच्या खालचेच रोल तुम्ही देऊ शकता. बॉटलाही हा नियम लागू आहे. तुकडीचा रोल वाटायला एखादा बॉट आणला आणि तो ‘परवानगी नाही’ म्हणून अडून बसला, तर नव्वद टक्के वेळा त्याचा स्वतःचा रोल यादीत तळाशी पडलेला असतो. तो ओढून तुकड्यांच्या रोलच्या वर ठेवा, पण संचालकांच्या खाली.

आता चॅनल. सुरुवातीला हौसेने तीस चॅनल उघडणारे लोक मी पाहिलेत. व्हेरिएबलसाठी एक, लूपसाठी एक, फंक्शनसाठी एक. ज्याचा प्रोग्रॅम चालत नाही त्याला चूक लूपमध्ये आहे की फंक्शनमध्ये, हेच तर माहीत नसतं! तो बिचारा कुठे विचारणार? मग तो `#gappa` मध्ये विचारतो, वर गप्पांची रांग चालू असते, आणि प्रश्न वाहून जातो.

पायथन डिस्कॉर्ड नावाचा एक मोठा, मोफत मदत करणारा सर्व्हर आहे. त्यांनी या अडचणीवर बरीच वर्षं एक पद्धत चालवली. मदतीची अनेक चॅनल रासायनिक मूलद्रव्यांच्या नावांनी ठेवलेली असायची, विचारणाऱ्याने रिकामं चॅनल धरायचं, काम झालं की ते बॉटने परत रांगेत लावायचं. म्हणजे एका वेळी एका खोलीत एकच प्रश्न. डिस्कॉर्डने पुढे फोरम प्रकारचं चॅनल आणलं आणि त्यांनीही मदत तिकडे हलवली. आपल्याला त्यातून घ्यायचं ते इतकंच, की विषयवार खोल्या नकोत, प्रत्येक प्रश्नाला स्वतःची खोली हवी. फोरम तेच करतो.

फोरम चॅनल हवं तर आधी सर्व्हर सेटिंग्जमध्ये `Enable Community` करून घ्या. त्यासाठी डिस्कॉर्ड काही अटी घालतं. सभासदाचा ईमेल पडताळलेला हवा, अश्लील चित्रांची चाळणी सगळ्यांसाठी चालू हवी, आणि नियमांचं एक चॅनल नेमलेलं हवं. मुलांच्या गटाला या अटी हव्याच होत्या, त्यामुळे तक्रार नाही.

आपल्या सर्व्हरची मांडणी मग अशी होते. वर `#niyam` आणि `#ghoshana`, दोन्हींवर `@everyone` साठी `Send Messages` ला फुली आणि संचालकांसाठी हिरवी खूण. मग `#prashna` हा फोरम. मग `#gappa`. त्याखाली दोन तुकड्यांचे दोन कप्पे, प्रत्येकात एक लिहिण्याचं आणि एक आवाजाचं चॅनल. तळाशी मदतनिसांचा आणि संचालकांचा एक झाकलेला कप्पा. दहाच्या आतबाहेर चॅनल, बास. नावं मी मुद्दाम रोमन लिपीत ठेवतो. देवनागरीत ठेवता येतात, दिसतातही सुरेख, पण `#` टाकून चॅनल शोधणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतोच असं नाही.

`#prashna` वर थोडा वेळ देऊ. तिथे `@everyone` ला `Create Posts` आणि `Send Messages in Posts` दोन्ही द्यायचं. मदतनिसांना आणि संचालकांना फक्त याच चॅनलवर `Manage Posts`, म्हणजे ते प्रश्नाचं शीर्षक सुधारू शकतात, सुटलेला प्रश्न बंद करू शकतात. याच परवानगीने प्रश्न पुसताही येतो, म्हणून ‘पुसायचं काम संचालकांचं’ हे मदतनिसांना तोंडी सांगून ठेवा. टॅग थोडे ठेवा. ‘एरर येते’, ‘एरर नाही पण उत्तर चुकतं’, ‘इन्स्टॉल होत नाही’, ‘समजलं नाही’ आणि ‘सुटला’. हे टॅग विषयाचे नाहीत, अडचणीच्या प्रकाराचे आहेत, आणि तेवढं नवख्यालाही सांगता येतं. टॅग निवडणं सक्तीचं करण्याचं बटण फोरमच्या सेटिंगमध्ये आहे. तिथेच `Post Guidelines` ची जागा आहे. त्यात लिहा की कोड फोटो काढून टाकू नका, मजकूर म्हणून चिकटवा, एरर पूर्ण द्या, आणि काय व्हायला हवं होतं ते एका ओळीत सांगा. फोटोतला कोड मदतनिसाला स्वतः टाइप करून बघावा लागतो, आणि रात्री अकरा वाजता तो ते करत नाही.

मदतनिसांची झोप वाचवणारी आणखी एक गोष्ट. ‘मदतनीस’ रोलच्या सेटिंगमध्ये `Allow anyone to @mention this role` बंद ठेवा. प्रश्न फोरममध्ये आहे, ज्याला वेळ आहे तो येऊन बघेल. ‘संचालक’ रोलसाठी मात्र ते चालू ठेवा, आणि नियमांत लिहा की कोणी त्रास देत असेल तर `@संचालक` असं बिनधास्त बोलवा. रोल टाइप करायला सोपा जावा म्हणून त्याचं नावही रोमनमध्ये ठेवलंत तरी चालेल.

तुकड्यांच्या कप्प्यात परवानगी चॅनलवर न लावता कप्प्यावर लावायची. `@everyone` ला `View Channel` वर फुली, ‘रविवार’ रोलला आणि मदतनीस, संचालकांना हिरवी खूण. आतली चॅनल तीच घेतात. पण आतल्या एका चॅनलची परवानगी तुम्ही वेगळी बदललीत की त्याचं कप्प्याशी असलेलं नातं तुटतं. नंतर कप्प्यावर केलेला बदल त्या चॅनलपर्यंत पोहोचत नाही. ‘सगळीकडे बदललं, पण एकाच चॅनलवर जुनंच चाललंय’ अशी तक्रार आली तर चॅनलच्या `Permissions` पानावर जा. जुळत नसल्याची सूचना आणि `Sync Now` हे बटण तिथे दिसेल.

तुकडी निवडायला `Onboarding` वापरता येतं. नवा माणूस आला की त्याला प्रश्न विचारायचा, ‘संध्याकाळ की रविवार?’ आणि उत्तराप्रमाणे रोल मिळतो. सोय उत्तम आहे, पण त्यासाठी किमान सात चॅनल सगळ्यांसाठी ठेवावी लागतात, त्यातल्या पाचांत सगळ्यांना लिहिता यायला हवं. आपल्याकडे सगळ्यांसाठीची चॅनल चारच आहेत. केवळ आकडा भरायला रिकामी चॅनल उघडू नका. तीनशे जणांना तुकडीचा रोल बॉटने किंवा मालकाने हाताने दिला तरी चालतं. आणि सर्व्हर वाढल्यावर `Onboarding` घेतलंत, तर एक फरक ध्यानात ठेवा. तिथे एखादं चॅनल न निवडणाऱ्याच्या यादीत ते दिसत नाही, पण `Browse Channels` मध्ये जाऊन तो ते उघडू शकतो. यादीत नसणं आणि खासगी असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खासगी फक्त `View Channel` च्या फुलीने होतं.

आता नियम. नियम आणि सल्ला यांत गल्लत करू नका. जे मोडलं तर माणसाला बाहेर काढायची आपली तयारी आहे, तो नियम. बाकी सगळा सल्ला, आणि तो `Post Guidelines` मध्ये जातो. या कसोटीवर आपल्याकडे चारच नियम उरतात. मी ते असे लिहीन :

‘इथे कामासाठी पैसे मागू नका, देऊ नका, क्लास विकू नका. चालू असलेल्या परीक्षेचे प्रश्न विचारू नका आणि सोडवून देऊ नका. घरच्या अभ्यासात वाट दाखवू, उत्तर देणार नाही. कोणालाही न विचारता खासगी मेसेज करू नका. जात, धर्म, भाषा, लिंग किंवा इंग्रजी न येणं यावरून कोणाला हिणवू नका.’

पहिल्या दोन नियमांसारखे नियम पायथन डिस्कॉर्डवरही आहेत, आणि त्यामागचं कारण आपल्याकडेही तेच. एकदा पैशाची देवाणघेवाण सुरू झाली की फुकट उत्तर देणाऱ्याला आपण मूर्ख ठरतोय असं वाटू लागतं.

प्रत्येक नियमाखाली पुढे काय होईल तेही लिहा. पैसे मागणारा एजंट असेल तर थेट `Ban`, सूचना वगैरे काही नाही, कारण तो शिकायला आलेलाच नाही. परीक्षेचा प्रश्न टाकणारा विद्यार्थी असेल तर प्रश्न काढायचा, त्याला कारण सांगायचं, पुन्हा केलं तर एक दिवसाचा `Timeout`. दोघांना एकच शिक्षा ठेवली तर संचालक शिक्षा करायलाच कचरतात. आणि प्रत्येक कारवाईची दोन ओळींची नोंद संचालकांच्या झाकलेल्या चॅनलमध्ये ठेवा. डिस्कॉर्डची स्वतःची `Audit Log` आहे, पण ती पंचेचाळीस दिवसांचीच राहते, आणि तोच माणूस तीन महिन्यांनी परत येतो.

एजंटांचं बरंचसं काम `AutoMod` अडवतं. त्यात हे शब्द टाका :

```
*chat.whatsapp.com*
*wa.me/*
*t.me/*
```

दोन्ही बाजूंची चांदणी म्हणजे आजूबाजूला काहीही असलं तरी पकड. कृती म्हणून मेसेज अडवणं आणि संचालकांच्या चॅनलला सूचना देणं, दोन्ही निवडा. मोह होईल तरी `fees` किंवा `course` असे शब्द टाकू नका. कॉलेजची फी भरायची राहिली म्हणून आज वर्गाला येत नाही, असं सांगणाऱ्या मुलाचा मेसेजही अडेल, आणि का अडला ते त्याला कळणार नाही.

`AutoMod` खासगी मेसेज मात्र वाचत नाही. तिथे आपला हात पोहोचत नाही, म्हणून ती माहिती सभासदालाच द्यावी लागते. `#niyam` च्या वरच लिहा की सर्व्हरच्या नावावरून `Privacy Settings` मध्ये जाऊन या सर्व्हरवरच्या अनोळखी लोकांचे `Direct Messages` बंद करता येतात. आणि हेही लिहा की त्रासदायक मेसेज आला तर पुसू नका, त्याचा स्क्रीनशॉट संचालकांना द्या. संचालकांत एक तरी बाई असावी, म्हणजे मुली तो देतात. एकाच वेळी शंभर जणांना मेसेज जाऊ लागले तर मालकाला सर्व्हरपुरते खासगी मेसेज आणि नवी आमंत्रणं चोवीस तासांपर्यंत थांबवता येतात.

सगळं लावून झालं की तपासणी. मालकाने स्वतःच्या खात्यातून बघून ‘दिसतंय बरोबर’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण मालकाला सगळंच दिसतं. `Server Settings` मधल्या `Roles` मध्ये रोलपुढच्या तीन टिंबांत `View Server As Role` आहे. ‘रविवार’ म्हणून आत जा आणि संध्याकाळच्या तुकडीचा कप्पा दिसतोय का बघा. मग ‘मदतनीस’ म्हणून जा, संचालकांचं चॅनल दिसतंय का बघा. मग एकही रोल नसलेला नवा माणूस म्हणून, खरं तर हे एखाद्या मित्राच्या नव्या खात्यातूनच करा. त्याला आमंत्रणाची लिंक द्या आणि तीन कामं सांगा : `#prashna` मध्ये प्रश्न टाक, `#ghoshana` मध्ये लिहायचा प्रयत्न कर, आणि `@everyone` म्हणून सगळ्यांना हाक मार. पहिलं जमायला हवं, दुसरी दोन जमता कामा नयेत. तिसरं जमलं, तर तीनशे जणांना लिंक पाठवायच्या आधी पुन्हा `@everyone` च्या खुणांकडे जा.